साहेब, एक कपाट द्या

सातव्या क्रमांकाच्या संघाने 2 कोटी रुपये मागितले, तेव्हा तीन परीक्षकांपैकी एक जण वेफरचं पाकीट आवाज न करता फोडायच्या खटपटीत होते. हे आयटी कंपनीतले मॅनेजर. त्यांच्या शेजारी कॉलेजचे प्राचार्य, ज्यांना झेरॉक्सचा कागद घ्यायचा म्हटलं तरी तीन दुकानांची कोटेशनं जोडावी लागतात. तिसरे भोसरी एमआयडीसीत प्रेसचे सुटे भाग करणारे उद्योजक, याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. तिघांपैकी एकाकडेही 2 कोटी मोकळे नव्हते. असते तर फेब्रुवारीतल्या शनिवारी भर दुपारी, एसी बंद असलेल्या सेमिनार हॉलमध्ये ते बसले कशाला असते?

मागणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र संकोचाची रेषाही नव्हती. संघाचं उत्पादन म्हणजे मेसमध्ये आज काय भाजी आहे हे मोबाइलवर सांगणारं ॲप. दर मंगळवारी फ्लॉवर-बटाटा असतो हे त्या मेसमध्ये जेवणाऱ्या प्रत्येकाला झोपेतही सांगता येतं. तरी ते कळावं म्हणून ॲप, आणि ॲप व्हावं म्हणून 2 कोटी. बदल्यात कंपनीचा 5 टक्के हिस्सा.

हा हिशेब एकदा कागदावर मांडायला हरकत नाही, कारण तो मांडण्याची तसदी मागणारे सहसा घेत नाहीत. 5 टक्क्यांचे 2 कोटी, म्हणजे 100 टक्क्यांचे 40 कोटी. दोन मित्र, एक लॅपटॉप आणि अर्धवट झालेलं लॉगिनचं पान यांची एकत्रित किंमत 40 कोटी रुपये. शिवाय एक बारीक अडचण अशी, की कंपनी अजून नोंदवलेलीच नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात, नोंदणी लागते, मग शेअर निघतात आणि मग त्यातले 5 टक्के कुणाला देता येतात. तोपर्यंत ते 5 टक्के कशाचे, हा प्रश्न परीक्षकांनी विचारायला हवा होता. पण त्या क्षणी पाकीट फुटलं.

ही सवय टीव्हीने लावली. ‘शार्क टँक इंडिया’चं पहिलं पर्व 2021-22 मध्ये गाजलं आणि तेव्हापासून कॉलेजच्या स्पर्धांत ‘इतक्या लाखांना इतके टक्के’ हे भाषणाच्या शेवटी म्हणायचं पसायदान होऊन बसलं. त्याच पर्वात मालेगावचे कमलेश घुमरे आले होते. सायकलसारखी ढकलत न्यायची, शेतात औषध फवारायची गाडी घेऊन. ‘जुगाडू कमलेश’ हे नाव तेव्हापासून घराघरांत गेलं. पीयूष बन्सल यांनी त्यांना 40 टक्क्यांच्या बदल्यात 10 लाख रुपये देऊ केले आणि शिवाय 20 लाख बिनव्याजी कर्ज. म्हणजे साऱ्या देशाला रडवणाऱ्या, मंचावर प्रत्यक्ष चालून दाखवलेल्या यंत्राचा धंदा त्या सौद्यात 25 लाखांचा ठरला. फ्लॉवर-बटाट्याचं ॲप त्याच्या 160 पट.

बरं, टीव्हीवरच्या खुर्च्यांत बसलेले लोक स्वतःच्या खिशातून पैसे देतात. कॉलेजातल्या खुर्च्यांत बसलेल्यांना शाल, श्रीफळ आणि पेन ड्राइव्ह मिळतो. स्पर्धेच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं असतं: पहिलं बक्षीस 25,000, दुसरं 15,000, उत्तेजनार्थ प्रमाणपत्र. हिस्सा कुणालाच नको असतो. तरीही संघामागून संघ येतो आणि ज्यांच्याकडे जे नाही तेच त्यांच्याकडे मागून जातो.

आयआयटी मुंबईचा ई-सेल 1998 मध्ये सुरू झाला, त्याची ‘युरेका’ स्पर्धा गाजली, आणि पुढे तालुक्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजापर्यंत ई-सेल पोहोचले. आता फलक असतो, लाल फीत असते, आणि वेळ संपल्याची घंटा वाजवायला एक पहिल्या वर्षाचा मुलगा बसवलेला असतो, जो घंटा वाजवायला घाबरतो. पिचला वेळ 3 मिनिटं. ठाय लयीत बोललं तर 3 मिनिटांत साडेतीनशे-चारशे शब्द बसतात. त्यातले ‘सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय परीक्षकवर्ग, व्यासपीठावरील आणि व्यासपीठासमोरील मान्यवर’ यातच काही सेकंद जातात. शाळेपासूनच्या वक्तृत्व स्पर्धांनी मराठी पोराला हे वळण असं लावलेलं असतं, की आग लागली तरी तो आधी मान्यवरांना वंदन करील आणि मग ती कुठे लागली ते सांगेल.

सुरुवात चटकदार हवी, हेही आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे. त्याचं कुलदैवत म्हणजे बिल गेट्स. 2009 च्या फेब्रुवारीत टेडच्या मंचावर मलेरियावर बोलताना त्यांनी बरणीचं झाकण उघडून सभागृहात डास सोडले. हा अनुभव फक्त गरिबांनाच का असावा, असं विचारलं. आणि मग त्या डासांत मलेरिया नाही हेही सांगून टाकलं. ती युक्ती लागू पडली, कारण डास हाच भाषणाचा विषय होता. या प्रसंगाचे व्हिडिओ पाहून तयार झालेल्या एका संघाने प्रवेश करताच फटाक्याची टिकली फोडली. त्यांचं उत्पादन लायब्ररीची पुस्तकं शोधण्याचं होतं. दुसऱ्याने ‘ज्यांनी ज्यांनी कधी ना कधी चार्जर हरवलाय त्यांनी हात वर करा’ असं फर्मावलं. शनिवारची दुपार असल्याने कुणीच हात वर केला नाही, आणि त्या मुलाचं पुढचं अख्खं भाषण त्या न उठलेल्या हातांवर उभं होतं. तिसऱ्याने भारताची लोकसंख्या सांगितली. लोकसंख्या हे या स्पर्धांचं राखीव शस्त्र. 140 कोटींतले एक टक्का लोक जरी आले, असं म्हटलं की 1 कोटी 40 लाख गिऱ्हाइकं बसल्या जागी तयार होतात. ती एकेक करून आणायची कशी, तेवढं मात्र स्लाइडवर नसतं.

अकरावा क्रमांक एका मुलीचा होता. तिसरं वर्ष, मेकॅनिकल. (ही मुलगी अशा स्पर्धांतल्या अनेकींची मिळून एक केलेली आहे, तेव्हा तिचं कॉलेज शोधत बसू नये. तिचे आकडे मात्र ज्याला हवे त्याने वहीत मांडून पाहावेत.) तिच्या हातात रिमोट नव्हता. काखेत ड्रॉइंग बोर्ड होता आणि हातात ड्राफ्टर. मान्यवरांना वंदन न करता तिने थेट विचारलं, “सर, तुमचा ड्राफ्टर आत्ता कुठे आहे?”

भोसरीच्या साहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “माळ्यावर.” प्राचार्य म्हणाले, “मोठ्या मुलीने नेला होता, मग... बघावं लागेल.” आयटीच्या मॅनेजरांनी वेफरचं पाकीट खाली ठेवलं. त्यांचा कॉटखाली होता, पण सातारच्या घरातल्या.

सभागृह हसलं, कारण सभागृहातल्या प्रत्येकाचा ड्राफ्टर कुठेतरी पडलेला होता. तेवढ्या पंधरा सेकंदांत तिने दोन कामं उरकली: लक्ष वेधून घेतलं, आणि अडचण काय आहे ते परीक्षकांच्याच तोंडून वदवून घेतलं. टिकली फोडणाऱ्यांना आवाज झाल्यानंतर लायब्ररीपर्यंत चालत जावं लागलं होतं. हिला कुठे जावंच लागलं नाही.

ज्यांनी इंजिनिअरिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मिनी-ड्राफ्टर म्हणजे बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला क्लॅम्पने बसवायचं, दांड्या असलेलं एक हत्यार. टोकाला कोनमापक आणि एकमेकींशी काटकोनात दोन प्लास्टिकच्या पट्ट्या. दांड्या समांतरभुज चौकोनात जोडलेल्या असल्यामुळे हात बोर्डावर कुठेही नेला तरी पट्ट्यांचा कोन बदलत नाही, म्हणून इथली रेषा तिथल्या रेषेला समांतर निघते. पहिल्या वर्षी ग्राफिक्स नावाचा विषय असतो, त्यासाठी हा लागतो. एक सत्र. त्यानंतर ड्राफ्टरची रवानगी होस्टेलच्या कॉटखाली होते आणि तो टॉवेल वाळवायला, पाठ खाजवायला किंवा वरच्या मजल्यावरच्या पोरांना शांत करण्यासाठी छताला ठोकायला वापरला जातो. तत्पूर्वी सत्रभर तो लोकलमध्ये आणि पीएमपीत लोकांच्या बरगड्यांत घुसत असतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी गर्दीत ओळखायची हीच खूण.

“नवा ड्राफ्टर साधारण 500 रुपयांना पडतो,” तिने सांगितलं. “मी गेल्या वर्षी सेकंड इयरच्या मुलांकडून 22 जुने ड्राफ्टर 150 रुपयांनी घेतले. प्रत्येकी 20 रुपयांचे स्क्रू आणि नॉब घातले. 120 रुपये भाड्याने दिले, 200 रुपये डिपॉझिट घेऊन.”

इथे आयटीच्या मॅनेजरांनी पहिल्यांदाच पेन उघडलं. दिवसभरात ‘गेल्या वर्षी’ हे शब्द त्यांनी प्रथमच ऐकले होते. बाकी सगळे संघ ‘येत्या पाच वर्षांत’ या काळात राहत होते.

तिचा गेल्या वर्षाचा ताळेबंद असा. खरेदी 22 गुणिले 150, म्हणजे 3,300. दुरुस्ती 440. पहिल्या सत्रात 22 च्या 22 गेले, भाडं 2,640. सत्र संपल्यावर 21 परत आले. एक मुलगा ड्राफ्टरसकट कॉलेज सोडून मेडिकलला गेला (तिकडे त्याचं काय करणार देव जाणे); त्याचे 200 रुपये डिपॉझिट जप्त. परत आलेल्यांतले तीन ढिले झाले होते, त्यांचे सुटे भाग एकमेकांना लावून दोन उभे केले. राहिले 20. दुसऱ्या सत्रातही भाडं आलं, 2,400. मध्ये आणखी 300 रुपयांची दुरुस्ती. एकूण आले 5,240, गेले 4,040. “नफा 1,200 रुपये,” ती म्हणाली. मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, ती कौतुकाची की चेष्टेची ते कळलं नाही. तिने वाक्य पुरं केलं, “आणि 20 ड्राफ्टर अजून माझ्या कॉटखाली आहेत.”

एकच ड्राफ्टर वर्षात दोनदा भाड्याने कसा गेला? यात तिच्या धंद्याची सगळी गोम आहे, आणि ती बाहेरच्या माणसाला सुचणं कठीण. अनेक कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या तुकड्यांचे दोन गट करतात. एका गटाला पहिल्या सत्रात ग्राफिक्स आणि दुसऱ्यात मेकॅनिक्स, दुसऱ्या गटाला उलटं. शिक्षक आणि हॉल पुरावेत म्हणून केलेली ही सोय. या सोयीमुळे 480 मुलांना एका वेळी 240 च ड्राफ्टर लागतात. तरी 480 विकले जातात.

डिपॉझिटचा आकडाही तिने हवेतून काढला नव्हता. जुना ड्राफ्टर 150 ला विकला जातो. डिपॉझिट 100 ठेवलं, तर मुलगा शांतपणे तो विकून 50 रुपये कमावील. 200 ठेवलं की परत करण्यातच फायदा. मेडिकलवाल्या मुलाने तिचं काही नुकसान केलं नव्हतं: ड्राफ्टर तिला 170 ला पडला होता, हातात 200 उरले, वर एका सत्राचं भाडं.

आणि मग ती मागायला लागली. घंटेवाल्या मुलाचा हात घंटेवर होता.

“मला आणखी 100 ड्राफ्टर करायचे आहेत. खरेदी 15,000, दुरुस्ती 2,000. हे 17,000 रुपये मी माजी विद्यार्थ्यांकडून एका वर्षाच्या कर्जाने मागते आहे. वर्षभराच्या दुरुस्तीला आणखी 1,000 धरले तर 75 ड्राफ्टर दोन्ही सत्रांत गेले की 18,000 वसूल होतात. 240 मुलांतली 75. प्राचार्य सरांकडे मला पैसे नकोत. ग्राफिक्स हॉलमध्ये एक कुलपाचं कपाट हवंय, आणि ॲडमिशनच्या वेळी मुलांना जी साहित्याची यादी मिळते, त्यात ड्राफ्टरच्या पुढे एक ओळ: ‘भाड्यानेही मिळेल.’ यादी हातात पडल्यावर मुलं आठवड्याच्या आत खरेदी करतात. तो आठवडा गेला की माझं वर्ष गेलं.”

घंटा वाजली. मुलाने ती दिवसभरात प्रथमच वेळेवर वाजवली.

या मागणीत काय होतं ते सावकाश बघण्यासारखं आहे. समोर तीन माणसं, प्रत्येकाकडे त्याला देता येईल असंच काहीतरी तिने मागितलं. उद्योजकाकडे रक्कम, ती परत कधी आणि कशातून येणार या तपशिलासह. प्राचार्यांकडे त्यांच्या सहीने मिळणारं. आयटीच्या मॅनेजरांकडे काहीच नाही. हे त्यांच्या थोडं मनाला लागलं, असं नंतरच्या प्रश्नांवरून दिसलं. टक्के तिने कुणालाच देऊ केले नाहीत, कारण 20 ड्राफ्टरांचे 5 टक्के म्हणजे एक ड्राफ्टर, आणि तो भोसरीच्या साहेबांच्या माळ्यावर आधीच होता.

आठवड्याची अट सगळ्यांत महत्त्वाची. बाकीच्या संघांच्या मागण्या आज मंजूर झाल्या काय, दोन वर्षांनी झाल्या काय, काही बिघडणार नव्हतं, आणि ज्या मागणीला तारीख नसते तिला उत्तरही नसतं. ग्राफिक्सचे सर मात्र पहिल्याच तासाला ‘ड्राफ्टर नसेल तर पुढच्या प्रॅक्टिकलला बसायचं नाही’ असं बजावतात. संध्याकाळी कॉलेजबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानात झुंबड उडते. दुकानदाराला हे ठाऊक असतं. पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या शिक्षकांपेक्षा त्याला अभ्यासक्रमाचं वेळापत्रक जास्त पाठ असतं.

प्रश्नोत्तरांना 2 मिनिटं होती. पहिला प्रश्न भोसरीच्या साहेबांचा, आणि तो नेमका वर्मावर बसला. “अगं, पण सीनिअरकडून फुकट मिळतो की ड्राफ्टर! आमच्या वेळी आम्ही तसंच करायचो.”

हाच तिचा खरा प्रतिस्पर्धी. स्टेशनरीचं दुकान नाही, कुठली कंपनी नाही. ‘दादा, ड्राफ्टर आहे का?’ हे चार शब्द. प्रतिस्पर्ध्यांच्या स्लाइडवर बाकीच्या संघांनी मोठमोठ्या कंपन्यांची बोधचिन्हं लावली होती. फुकट मिळणारी गोष्ट मात्र कुणीच धरली नव्हती. तिने धरली होती. “मिळतो, सर. पण सीनिअर ओळखीचा व्हायला महिना लागतो आणि ड्राफ्टर लागतो पहिल्या आठवड्यात. शिवाय आता फर्स्ट इयरचं होस्टेल वेगळं असतं.”

यूजीसीच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी नियमांनुसार नव्या मुलांची राहण्याची सोय शक्यतो वेगळ्या भागात करावी लागते. नियम अत्यंत योग्य. त्याने रॅगिंगबरोबर वरून खाली वाहणारा ड्राफ्टरांचा, जर्नलांचा आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा ओघही अडवला, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसणार. तिचा धंदा त्या बांधावर उभा होता.

आयटीचे मॅनेजर पुढे सरसावले. “याचं ॲप कुठे आहे?”

“वही आहे, सर.”

“पण ट्रॅक कसं करणार?”

“ड्राफ्टरवर नंबर रंगवलाय. वहीत नंबर, नाव, रोल नंबर, सही. सर, ड्राफ्टर ॲपमुळे परत येत नाही, 200 रुपयांमुळे येतो.”

मॅनेजरांनी वेफरचं पाकीट पुन्हा उचललं.

प्राचार्यांचा प्रश्न जाणत्याचा होता. आता ग्राफिक्स हळूहळू कॉम्प्युटरवर चाललं आहे, कॅड आलं आहे. ड्राफ्टर किती वर्षं टिकणार? बहुतेक स्पर्धक अशा वेळी ‘आम्ही पिव्हट करू’ म्हणतात, म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक नसतं. ती म्हणाली, “माहीत नाही, सर. पण एक ड्राफ्टर मला 170 ला पडतो आणि वर्षात 240 देतो. ज्या वर्षी कळेल की पुढच्या वर्षी ग्राफिक्स बोर्डावर नाही, त्या वर्षी मी नवे घेणार नाही. माझं नुकसान एका वर्षाच्या आतलंच असेल.” एवढं बोलून तिने बोर्ड टेबलावर ठेवला आणि ड्राफ्टरचा क्लॅम्प त्याला आवळला. दुरुस्त केलेला ड्राफ्टर कसा ओळखायचा ते दाखवायचं राहिलं होतं, आणि घंटेवाल्याकडे तिचे अजून वीस सेकंद होते.

तपासणी सोपी आहे. डावीकडे वर एक बारीक आडवी रेषा ओढायची. मग पट्ट्या बोर्डाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणायच्या आणि त्याच रेषेवर पुन्हा ओढायची. दोन्ही रेषा एकीवर एक पडल्या तर सांधे घट्ट. जरा जरी फाटा फुटला तर दांड्यांचे स्क्रू ढिले, आणि असा ड्राफ्टर सत्रभर वापरणाऱ्याच्या शीटवर सर लाल पेनने मोठं प्रश्नचिन्ह काढणार. जुना विकत घेताना ती प्रत्येकाची ही परीक्षा घेते. फाटा मोठा असेल तर 150 चे 80 करून मागते. रेषा जुळल्या. भोसरीच्या साहेबांनी उठून जवळ येऊन पाहिल्या, पट्टी स्वतः ओढली, आणि कारखान्यातल्या जुन्या सवयीने ‘प्ले नाहीये’ असं पुटपुटले.

निकाल लागला. पहिलं बक्षीस फ्लॉवर-बटाट्याच्या ॲपला. त्यांच्या शेवटच्या स्लाइडवर मेसवरून उडणारा ड्रोन होता, ढोल-ताशाचं पार्श्वसंगीत होतं, आणि गुणपत्रिकेत ‘सादरीकरण’ या रकान्याला 40 पैकी गुण होते. ‘आजवर किती विकलं’ असा रकानाच नव्हता. ड्राफ्टरवालीला उत्तेजनार्थ. यात अन्याय वगैरे बघू नये. एमआयटीची प्रसिद्ध स्पर्धा 1990 मध्ये 10,000 डॉलरच्या बक्षिसाने सुरू झाली. ती 50,000 वर गेल्यानंतर 1998 मध्ये इंटरनेटवरची वाहतूक वेगवान करण्याची योजना घेऊन एक संघ तिच्या अंतिम फेरीत आला आणि हरला. त्या संघाची कंपनी म्हणजे अकामाय, आणि 1999 च्या ऑक्टोबरमध्ये ती अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरलीसुद्धा. परीक्षक भाषणाला गुण देतात. धंद्याला गुण देणारी मंडळी त्या दिवशी सभागृहात नसतात.

मुलीला त्याचं फारसं वाटलं नाही. तिला उत्तेजनार्थ प्रमाणपत्रावर तिचं आडनाव चुकलेलं आहे याचं जास्त वाटलं. भोसरीच्या साहेबांनी चहाच्या टेबलावरच ‘सोमवारी ये’ म्हणून सांगितलं होतं, आणि ती खरोखर सोमवारी गेली. वर्षाच्या मुदतीच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. साहित्याच्या यादीचं कामही अनपेक्षितपणे सोपं निघालं. ती यादी म्हणजे फार जुन्या एका कागदाच्या झेरॉक्सची झेरॉक्स होती, तिच्यात अजून ‘लॉग टेबल’ होतं. ऑफिसातल्या मॅडमनी ते व्हाइटनरने खोडून त्याच जागी ‘ड्राफ्टर भाड्यानेही मिळेल’ असं पेनने लिहिलं आणि म्हणाल्या, “पुढची वीस वर्षं आता हेच जाणार बघ.”

कपाटाने मात्र घाम काढला. प्राचार्यांनी अर्जावर ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारला. कार्यवाही म्हणजे अर्ज विभागप्रमुखांकडे, त्यांच्याकडून वर्कशॉप सुपरिंटेंडेंटकडे, तिथून स्टोअरला. कॉलेजातली कुठलीही वस्तू, खुर्ची असो की लेथ मशीन, डेड स्टॉक रजिस्टरवर चढलेली असते. ती या खोलीतून त्या खोलीत न्यायची तरी नोंद, पान नंबर आणि दोन सह्या लागतात. ग्राफिक्स हॉलच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट वर्षानुवर्षं बंद उभं होतं. रजिस्टरवर ते होतं. किल्ली कुणाकडे आहे याची मात्र नोंद नव्हती. निवृत्त झालेल्या एका लॅब असिस्टंटना फोन झाले. त्यांनी किल्ली आपल्याकडे नसल्याचं सांगितलं आणि पेन्शनच्या फाइलीचं काय झालं ते विचारलं. शेवटी वर्कशॉपमधूनच फिटिंगचे मामा आले, त्यांनी हॅकसॉने कुलूप कापलं, आणि दार उघडल्याबरोबर आतून लांबलचक काहीतरी घसरत त्यांच्या पायावर पडलं.

कपाट ड्राफ्टरांनी भरलेलं होतं. परीक्षेत विसरलेले, दंड म्हणून ठेवून घेतलेले, नावाच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडलेले. मोजले तर 41 निघाले. मुलीने तिथल्या तिथे चार-पाच बोर्डाला लावून रेषा ओढून पाहिल्या, आणि निम्म्याहून जास्त कामाचे आहेत असं तिचं मत पडलं. 41 गुणिले 150 चा हिशेब तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

स्टोअरकीपर साहेबांनी रजिस्टर पुढून मागून चाळलं. ड्राफ्टर त्यात कुठेच नव्हते.

“नोंद असती तर निर्लेखित करून लिलाव केला असता,” ते म्हणाले. “नोंदच नाही म्हणजे ते इथे नाहीतच. आणि जे इथे नाही ते तुला देणार कसं? असं कर, कपाट तू घे. पण आधी ते रिकामं करून द्यावं असा एक वेगळा अर्ज कर. थ्रू प्रॉपर चॅनल.”